ग्रॉस मार्जिन की कॉन्ट्रिब्युशन मार्जिन? गुंतवणूकदाराला उत्तर देण्याआधी

बिझनेस प्लॅन लिहून झाला की तो एकदा गुंतवणूकदाराच्या नजरेने वाचावा, आणि जिथे 'मार्जिन' हा शब्द येईल तिथे थांबावं. बहुतेक प्लॅनमध्ये तिथे लिहिलेलं असतं ग्रॉस मार्जिन, आणि बैठकीतला अवघड प्रश्न असतो कॉन्ट्रिब्युशन मार्जिनचा.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एका वस्तूचं उदाहरण घेऊ. सवलत आणि कर वगळून एका ऑर्डरमागे हाती 100 येतात. वस्तू बनवायला 55 लागतात. उरले 45, हे ग्रॉस मार्जिन. पण ती ऑर्डर ग्राहकाच्या दारात पोचवायला 12, पेमेंट गेटवेला 2, परत येणाऱ्या मालापोटी सरासरी 6 आणि ग्राहक मिळवण्याच्या जाहिरातीला 15 लागतात. हे 35 वजा केले की उरतात 10, हे कॉन्ट्रिब्युशन मार्जिन. ऑफिसचं भाडं आणि पगार भागवायला हातात राहतं ते एवढंच. काही जण जाहिरातीचा खर्च यात धरत नाहीत, त्यांचा आकडा 25 येतो. म्हणून उत्तराची सुरुवात 'आम्ही यात काय काय धरलंय' इथूनच करावी. दोघांच्या डोक्यात वेगवेगळी व्याख्या असेल, तर खरा आकडासुद्धा लपवाछपवीसारखा वाटतो.

आता स्पर्धेचा प्रश्न: 'समोरच्याने किंमत 10 टक्क्यांनी उतरवली तर?' तुम्हीही उतरवली, तर हाती 90 येतात. ग्रॉस मार्जिन 35, म्हणजे सुमारे 39 टक्के, ऐकायला अजूनही ठीकच. बाकीचे खर्च मात्र जवळपास तेवढेच राहतात आणि कॉन्ट्रिब्युशन शून्यावर येतं. मग ऑर्डरी दुप्पट झाल्या तरी भाडं आणि पगार स्वतःच्या खिशातूनच जाणार. 'आमचं मार्जिन 45 टक्के आहे, आम्ही टिकू' हे उत्तर इथे कोसळतं. टिकेल असं उत्तर जाहिरातीच्या त्या 15 मध्ये सापडतं. ग्राहक जाहिरातीशिवाय परत येत असतील, तर त्या ऑर्डरवर हा खर्च पडत नाही आणि 90 ला विकूनही 15 उरतात. त्यासाठी दुसऱ्यांदा खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण महिन्यागणिक मांडलेलं हवं. 'व्याप वाढला की खर्च कमी होईल' हे कच्च्या मालाला बऱ्याचदा लागू पडतं. जाहिरातीचं उलटंही होतं, कारण सहज मिळणारे ग्राहक आधीच येऊन गेलेले असतात.

प्लॅन वाचताना मी पेन्सिल घेऊन ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक वचनाखाली रेघ ओढतो. 'मोफत डिलिव्हरी', 'विनाअट परतावा' ही वाक्यं सहसा स्पर्धेच्या पानावर असतात आणि त्यांचा खर्च मार्जिनच्या पानावर नसतो. गुंतवणूकदार ही दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचतो.

टीमचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. ते 12 खाली आणायचं काम कोणाचं? कुरिअरशी दर ठरवण्याचा अनुभव कोणाकडे आहे, ते नाव घेऊन सांगावं. तसं कोणी नसेल, तर कधी आणि किती पगारावर माणूस घेणार ते सांगावं, आणि तो पगार प्लॅनमधल्या खर्चात आहे ना, तेही तपासावं.