झाडांना पाणी देणाऱ्या वायफाय टायमरचं वेळापत्रक टायमरमध्ये आहे की सर्व्हरवर?

ॲपमध्ये दोन्ही सारखीच दिसतात: सकाळी ६ ला पाणी चालू, ६:१५ ला बंद. पण एका प्रकारात ही नोंद टायमरच्या स्वतःच्या मेमरीत उतरते आणि घड्याळ बघून तोच व्हॉल्व्ह उघडतो. दुसऱ्यात टायमरला काहीच ठाऊक नसतं. वेळ झाली की कंपनीचा सर्व्हर त्याला ‘चालू’ म्हणतो, पंधरा मिनिटांनी ‘बंद’ म्हणतो.

नेट आधीच गेलेलं असेल तर दुसऱ्या प्रकारात झाडं एक दिवस कोरडी राहतात, इतकंच. खरा घोळ ते ६:०७ ला गेलं तर होतो. ‘चालू’ पोचलेलं असतं, ‘बंद’ कधीच पोचत नाही. मिनिटाला १० लिटर धरा आणि साडेसातला कुणी नळाकडे पाहिलं असं समजा: १५० लिटरच्या जागी ९०० लिटर. दिव्याच्या बाबतीत हीच चूक फक्त दिवसा जळणाऱ्या बल्बवर निभावते.

म्हणून पाण्यासाठी ‘बंद’ टायमरच्याच हातात हवं. त्याला घड्याळसुद्धा लागत नाही, उलटी मोजणी पुरते. व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या, तास्मोटा फर्मवेअर असलेल्या रिलेवर हे कन्सोलमधून असं बसवतात:

```
PulseTime1 1000
PowerOnState 0
```

१११ च्या वरच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात; म्हणजे इथे ९००, अर्थात १५ मिनिटं. ‘चालू’ कुणीही सांगो, रिले तेवढ्या वेळाने आपणच बंद होतो. दुसरी ओळ मध्येच वीज जाऊन आली तर रिले बंदच ठेवते.

मात्र वेळापत्रक टायमरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मीही राहिलो होतो. स्वस्त वायफाय टायमरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ सहसा नसतं; चालू झाल्यावर तो वेळ नेटवरून विचारून घेतो. नुसतं नेट गेलं तर त्याचं ठीक चालतं. पण वीज जाऊन आली आणि नेट आलं नाही, तर वेळापत्रक शाबूत असूनही ‘आत्ता किती वाजले’ हेच त्याला कळत नाही. तास्मोटाच्या कन्सोलमध्ये तेव्हा १९७० साल दिसतं.

आपला टायमर कुठला, हे ॲपच्या शब्दांवरून ओळखू नका. टायमरच्या स्वतःच्या पानावर लावलेली वेळ बहुधा त्याच्यात साठते, आणि ‘ऑटोमेशन’ किंवा ‘सीन’मध्ये लावलेली बहुधा सर्व्हरवर राहते, पण ‘बहुधा’वर नळ सोडू नये. दहा मिनिटांनंतरची एक आणि तिच्या थोडी पुढची आणखी एक अशा दोन वेळा लावा आणि राउटर चालू ठेवून त्याला बाहेरून येणारी नेटची वायर तेवढी काढा. वेळेवर चालू झाला, तर नोंद घरातच आहे. मग वायर तशीच बाहेर ठेवून पुढची वेळ यायच्या आत टायमरची वीज मिनिटभर बंद करून पाहा. आता ती वेळ चुकली, तर त्याला घड्याळ नाही.