दैनिक फूड कॉस्ट टक्केवारी

हॉटेलात एका दिवशी जितक्या रुपयांची विक्री झाली, त्यातल्या दर शंभर रुपयांमागे किती रुपयांचा कच्चा माल खर्ची पडला, हे सांगणारा आकडा म्हणजे दैनिक फूड कॉस्ट टक्केवारी. हा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की मालकाला किंवा मॅनेजरला त्याच रात्री इशारा जातो. महिनाअखेरीस हिशेबनीस हाच आकडा काढतो, पण तोवर चूक तीस वेळा होऊन गेलेली असते. रोज काढण्याचा सगळा अर्थ एवढ्यातच आहे.

खरेदीच्या वहीतली बेरीज घ्यायची, गल्ल्याच्या बेरजेने भागायची, हा सोपा मार्ग बरेच जण धरतात आणि तिथेच फसतात. पुण्यात याचं कारण गुलटेकडीत सापडतं. मार्केट यार्डातला फळ-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो आणि हॉटेलांची सर्वांत जास्त गर्दी शनिवार-रविवारची. त्यामुळे शुक्रवारी दोन दिवसांचा माल भरला जातो. एका शाकाहारी हॉटेलाचे उदाहरणादाखल आकडे घेऊ. शुक्रवारी विक्री ४६,००० आणि खरेदी २४,८४०, म्हणजे ५४ टक्के. शनिवारी विक्री ६२,०००, खरेदी फक्त दूध, पाव, दही अशी ६,२००, म्हणजे १० टक्के. शुक्रवारी इशारा वाजतो, शनिवारी शाबासकी मिळते, आणि भटारखान्यात मात्र दोन्ही दिवशी नेहमीसारखंच काम झालेलं असतं. असा इशारा तीन आठवडे वाजला की कुणी त्याकडे बघत नाही. न वाजणाऱ्या इशाऱ्यापेक्षा हे जास्त वाईट.

म्हणून खरेदी नव्हे, वापर मोजायचा. सुरुवातीची शिल्लक अधिक आजची खरेदी वजा रात्रीची शिल्लक, म्हणजे आजचा वापर. त्याला निव्वळ विक्रीने भागून शंभरने गुणायचं.

रोज रात्री अख्खं स्टोअर मोजणं कुठल्याही हॉटेलाला जमत नाही आणि त्याची गरजही नसते. पनीर, तेल, तूप, लोणी, चीज, काजू, दूध, कांदा, टोमॅटो असे दहा-पंधरा महागडे किंवा जास्त लागणारे जिन्नस वजन करून मोजायचे. बाकीचा किराणा ज्या दिवशी स्टोअरमधून भटारखान्यात गेला, त्या दिवशी खर्ची टाकायचा आणि आठवड्यातून एकदा मोजून ताळा घ्यायचा. उरलेली ग्रेव्हीही शिल्लकच धरायची, तिच्यात गेलेल्या मालाच्या किमतीने. ती विसरली की एका दिवशी टक्केवारी चढते आणि दुसऱ्या दिवशी तितकीच उतरते. ही ओळखीची खूण आहे: चढ-उतार लागोपाठ जोडीने आला तर मोजणीत चूक, सलग दोन-तीन दिवस आकडा वरच राहिला तर खरोखर माल जातोय.

खरेदीची नोंद माल दारात आला त्या तारखेला पडली पाहिजे, पैसे दिले त्या तारखेला नव्हे. किराणा दुकानदाराची उधारी महिन्याने चुकती होते, पण तेलाचा डबा आजच उघडलेला असतो. हमाली आणि टेम्पोभाडं मालाच्या किमतीतच धरावं. सर्वसाधारण रेस्टॉरंट ५ टक्के जीएसटी लावतं आणि त्याला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून खरेदीवर भरलेला जीएसटीही खर्चातच येतो. उलट विक्रीच्या बाजूला ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी वगळायचा, कारण तो आपला पैसा नाही. सूटही वजा करायची. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: १२,८०० रुपयांच्या मालातून ४०,००० ची विक्री झाली तर ३२ टक्के, पण तेच पदार्थ सरासरी १० टक्के सवलतीत गेले तर विक्री ३६,००० आणि टक्केवारी ३५.६. टक्केवारी चढेल, दोष मात्र स्वयंपाक करणाऱ्या वस्तादाचा नसेल. म्हणून इशाऱ्यासोबत त्या दिवशी दिलेल्या सवलतीची रक्कमही दिसावी.

इशाऱ्याला एक रेष पुरत नाही. एका दिवसाची रेष थोडी सैल आणि सात दिवसांची घट्ट ठेवावी. उद्दिष्ट ३२ टक्के असेल तर दिवसासाठी ३६ आणि सात दिवसांसाठी ३३.५ हे सुरुवातीला ठीक. सात दिवस घेतले की प्रत्येक बेरजेत एक शनिवार आणि एक रविवार येतो, त्यामुळे वाराचा फरक आपोआप पुसला जातो. शीटमध्ये B स्तंभात निव्वळ विक्री आणि F मध्ये वापर असेल तर आठव्या ओळीत:

```
=IF(SUM(F2:F8)/SUM(B2:B8)>0.335,"तपासा","ठीक")
```

सात टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नये, बेरजेला बेरजेने भागावं, नाहीतर मंद मंगळवार आणि तुडुंब रविवार एकाच मापाने मोजले जातात. खालच्या बाजूलाही एक रेष हवी. २५ च्या खाली आकडा आला तर बहुतेक वेळा आलेल्या मालाचं चलन नोंदवायचं राहिलेलं असतं.

आता त्याच हॉटेलातला एक मंगळवार. सुरुवातीची शिल्लक ५४,०००, खरेदी ९,६००, रात्रीची शिल्लक ४८,८००, म्हणून वापर १४,८००. निव्वळ विक्री ४०,०००. टक्केवारी ३७, इशारा वाजला. नुसत्या खरेदीवर बघितलं असतं तर २४ टक्के दिसले असते आणि सगळे निवांत झोपले असते. ३२ टक्क्यांनी १२,८०० चा माल लागायला हवा होता, म्हणजे २,००० रुपये जास्त गेले. शोध जिनसांतून घ्यायचा, सर्वांत महागापासून. पनीर सकाळी ७ किलो होतं, ८ किलो आलं, रात्री ४.६ उरलं, वापर १०.४ किलो. केओटीवरून, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवरून, पनीरच्या ६२ प्लेट गेल्या. रेसिपीप्रमाणे प्लेटला १२० ग्रॅम, म्हणजे ७.४४ किलो लागायला हवं होतं. जवळपास ३ किलोची तफावत, ३६० च्या भावाने सुमारे १,०६५ रुपये.

दुसऱ्या दिवशी फोडणीआधीची एक वाटी काट्यावर ठेवली तर १६८ ग्रॅम भरली. जुनी मापाची वाटी फुटली होती आणि नवा कारागीर हाताला येईल तेवढं घालत होता. चोरीचा संशय घेण्याआधी काटा बघावा तो यासाठीच.

उरलेल्या ९३५ रुपयांतले ५०० टोमॅटोचे निघाले: वापर २० किलो आणि भाव रेसिपी-कार्डात धरल्यापेक्षा किलोमागे २५ रुपयांनी वर. राहिलेले चारेकशे रुपये कामगारांच्या जेवणाचे होते. त्याची नोंदच होत नव्हती. ते जेवण वेगळ्या खात्यावर लिहावं, कारण ते कापता येत नाही आणि कापूही नये.

या तीन कारणांपैकी फक्त पहिलं भटारखान्यात दुरुस्त होतं. टोमॅटोचं तसं नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा नेमक्या वजनाने काम करणाऱ्या हॉटेलांचीही टक्केवारी चढणारच होती. अशा वेळी रेसिपी-कार्डातले भाव नव्याने भरून अपेक्षित टक्केवारी पुन्हा काढावी आणि इशाऱ्याची रेष तिच्यावरून बसवावी. नुसती रेष वर सरकवली तर पनीरची सैल वाटी टोमॅटोच्या आड लपते.