फोकस ग्रुप की समूह मुलाखत? गोल एकच, पद्धती दोन

आठ आरोग्य कार्यकर्त्या गोलात बसल्या आहेत. मध्ये रेकॉर्डर ठेवला आहे. एक जण प्रश्न विचारते आहे, दुसरी जरा बाजूला बसून टिपणं काढते आहे. दारातून डोकावणाऱ्याला हा फोकस ग्रुपच वाटेल आणि अहवालातही तसंच छापलं जाईल. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा झालेली असते ती समूह मुलाखत. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण हाती येणारी सामग्री अगदी वेगळी असते.

समूह मुलाखतीत प्रश्न एकीला न विचारता आठ जणींना विचारतात आणि आठ उत्तरं घेतात. धागा सतत विचारणारीच्या हातात असतो. फोकस ग्रुपमध्ये उत्तरांइतकंच महत्त्व त्या बायकांच्या आपसातल्या बोलण्याला असतं. कोणी कोणाला अडवलं, कशावर सगळ्या हसल्या, कोणतं विधान ऐकून एक गप्प झाली, हीसुद्धा सामग्रीच. संशोधक जेनी किट्झिंगर यांनी 1994 साली नेमकी हीच तक्रार मांडली होती, की फोकस ग्रुपच्या नावाने निघणाऱ्या अहवालांत सहभागींचा एकमेकींशी झालेला संवाद क्वचितच दिसतो. आजचे कितीतरी अहवाल वाचताना ती तक्रार ताजी वाटते.

उदाहरणादाखल एक प्रसंग रचू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या गृहभेटी नोंदवहीत पूर्ण दिसतात, पण बऱ्याच माता म्हणतात, "कोणी आलं नाही." असं का होतं, हा अभ्यासाचा प्रश्न आहे.

समूह मुलाखत घेतली तर ती साधारण अशी जाते. "तुमच्याकडे भेटी वेळेवर होतात का?" पहिली म्हणते, "हो, होतात." दुसरी म्हणते, "माझ्याही होतात. पावसात थोडा त्रास." तिसरी, "यांच्यासारखंच." चाळीस मिनिटांत आठ जणींची उत्तरं मिळतात आणि आपल्याला आधी माहीत नव्हतं असं त्यात काहीच नसतं. बायका खोटं बोलल्या म्हणून असं झालं नाही. प्रत्येकीला इतरांसमोर स्वतःच्या कामाचा हिशेब द्यायला लावलं, तेव्हा तिने दिला तो बचावाचा हिशेब.

आता त्याच बायकांना असं विचारलं तर? "एक कार्यकर्ती आहे असं समजा. एकाच आठवड्यात तिच्याकडे तीन बाळंतपणं झाली, त्यात लसीकरणाचं सत्रही आलं. ती काय करेल?" पुढचं बोलणं असं असू शकतं:

पहिली: आधी लांबच्या घरी जाईल. जवळचं काय, येता-जाता होतं.
चौथी: येता-जाता म्हणजे दारातून "बाळ पितं ना गं?" विचारायचं. त्याला भेट म्हणायची?
दुसरी: मग कशाला म्हणायची? वहीत त्याचा वेगळा रकाना आहे का? (सगळ्या हसतात)
चौथी: मी तर फोनवर विचारते, तेही तिथेच लिहिते.
सहावी: फोनचं नको लिहूस बाई.
दुसरी: नाही लिहिलं तर महिन्याच्या शेवटी आकडा कमी दिसतो.

या सहा वाक्यांत सूत्रधार एकदाही बोललेली नाही. तरीही प्रश्नाचा गाभा बाहेर आला आहे. 'भेट' या एका शब्दाखाली तीन गोष्टी चालल्या आहेत: घरात बसून बाळ तपासणं, दारातली विचारपूस आणि फोन. वहीत त्या सगळ्यांना एकच रकाना आहे. आई मात्र पहिल्या प्रकारालाच भेट समजते. शिवाय फोनची नोंद करावी का, यावर खुद्द कार्यकर्त्यांमध्येच एकमत नाही. हा मतभेद वेगवेगळ्या मुलाखतींत दिसलाच नसता, कारण तिथे चौथीला अडवायला सहावी नसते.

हा फरक पडतो तो बहुतेक वेळा खोलीत शिरण्याआधीच, प्रश्नावली लिहिताना. साधा गुणाकार करून बघा. पंधरा प्रश्न आणि आठ सहभागी म्हणजे 120 उत्तरं. नव्वद मिनिटांत ती बसवायची तर प्रत्येक उत्तराला पाऊण मिनिट. एवढ्यात कोणी कोणाशी बोलणार नाही, नुसती हजेरी लागेल. चर्चा हवी असेल तर स्वागत, संमती आणि ओळख यांना पंधरा मिनिटं सोडून उरलेल्या सव्वा तासात पाचच मुख्य प्रश्न ठेवावेत. प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. सहभागी सहा ते आठ पुरतात. दहाच्या वर गेलं की गोलाचे दोन तुकडे पडतात आणि रेकॉर्डिंगमध्ये कोणाचंच नीट ऐकू येत नाही.

गटात कोण असावं, हा दुसरा निर्णय. पर्यवेक्षिका त्या खोलीत नको, शेजारच्या खोलीतही नको. ज्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला कामाचा आढावा होतो तिथेच चर्चा ठेवली, तर बायका त्याच आवाजात बोलायला लागतात. यादी पर्यवेक्षिकेकडूनच घेतली तर बहुधा तिच्या मर्जीतल्या, उत्तम आकडे देणाऱ्या कार्यकर्त्या येतात. म्हणून पूर्ण यादी मागून घ्यावी आणि निवड आपण करावी. कोणी नकार दिला हे पर्यवेक्षिकेपर्यंत जाऊ देऊ नये, नाहीतर संमती नावापुरती राहते. वीस वर्षं काम केलेल्या आणि गेल्या वर्षी रुजू झालेल्या, यांचे गट शक्यतो वेगळे ठेवावेत, कारण ज्येष्ठ बोलली की धाकटी मान डोलावते. समूह मुलाखतीत यातलं बरंच चालून जातं. औषधांचा साठा कुठून येतो, अर्ज कोणाच्या सहीने पुढे जातो, एवढंच समजून घ्यायचं असेल तर जाणकार ज्येष्ठ बाई गटात असणं उलट फायद्याचं.

गट किती घ्यावेत, असं नेहमी विचारतात. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 फोकस ग्रुपची सामग्री तपासली. दोन-तीन गटांतच 80 टक्क्यांहून जास्त मुद्दे येऊन गेले होते आणि तीन ते सहा गटांत 90 टक्के. मात्र तो अभ्यास एकाच प्रकारच्या सहभागींचा आणि एकाच विषयावरचा होता. त्यामुळे जुन्या आणि नव्या कार्यकर्त्यांची तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे निदान दोन-तीन गट घ्यावे लागतात. एकेक गट घेऊन केलेली तुलना ही त्या दोन दुपारांची तुलना असते.

सूत्रसंचालनात आरोग्य कार्यकर्त्यांच्या बाबतीत एक खास अडचण येते. या बायकांना गोलात बसण्याची सवय असते, पण ती प्रशिक्षणाची आणि आढावा बैठकीची. तिथे समोरची व्यक्ती नाव घेऊन विचारते आणि बरोबर-चूक सांगते. म्हणून फोकस ग्रुपमध्येही त्या बोलताना तुमच्याकडे बघतात आणि वाक्याच्या शेवटी "बरोबर ना मॅडम?" असं विचारतात. त्या क्षणी तुम्ही "बरोबर" म्हणालात की चर्चा संपून वर्ग सुरू होतो. त्यापेक्षा नजर टिपणवहीत घालावी आणि मनात पाचपर्यंत मोजावं. बहुतेक वेळा तेवढ्यात दुसरी कोणी बोलते. नाहीच बोलली तर "कोणाकडे हे वेगळ्या तऱ्हेने होतं का?" एवढंच विचारावं. "सगळ्यांना पटतं का?" हा प्रश्न मात्र टाळावा, त्याचं उत्तर कायम "हो" येतं.

कोणी चुकीची वैद्यकीय माहिती सांगितली तर? जीभ खाजते, मला माहीत आहे. पण तिथेच दुरुस्त केलं तर पुढचा तासभर सगळ्या पुस्तकी उत्तरं देतील. टिपणकर्तीने ते लिहून ठेवावं आणि रेकॉर्डर बंद झाल्यावर, कोणाचं नाव न घेता, सगळ्यांना योग्य माहिती द्यावी. मूल किंवा आई धोक्यात आहे असं कळलं, तर अर्थातच नियम बाजूला.

आपण नक्की काय घेतलं, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. ट्रान्सक्रिप्टचं कुठलंही पान उघडावं आणि समासात फक्त कोण बोललं ते बघावं. सूत्रधार, सहभागी, सूत्रधार, सहभागी अशी वेणी पडली असेल तर ती समूह मुलाखत. सूत्रधाराच्या एका वाक्यानंतर सहभागींची चार-सहा वाक्यं लागोपाठ असतील तर तो फोकस ग्रुप. यासाठीच टिपणकर्तीने बसण्याचा नकाशा काढून प्रत्येक वेळी बोलणारीचा क्रमांक आणि तिच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द लिहावेत. ते नसेल तर ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळ्या जणी 'सहभागी' होऊन बसतात आणि ही चाचणीच करता येत नाही. पहिल्या गटाचं ट्रान्सक्रिप्ट दुसरा गट घेण्याआधी वाचलं तर चूक सुधारायला अजून वाव असतो.

अहवालात सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजणीचा. "आठपैकी सहा जणींनी फोनवरच्या भेटी नोंदवत असल्याचं सांगितलं" हे वाक्य फोकस ग्रुपच्या अहवालात बसत नाही. उरलेल्या दोघी गप्प होत्या, याचा अर्थ त्या नोंदवत नाहीत असा होत नाही, आणि सहाव्या बोलणारीने पाचवीला नुसता दुजोरा दिला असेल. इथे मोजायचं एकक गट आहे. मुद्दा चारपैकी किती गटांत आपणहून निघाला, कुठे त्यावर वाद झाला आणि कुठे तो निघालाच नाही, हे सांगता येतं. प्रत्येकीचा आकडा हवाच असेल तर चर्चेआधी दोन प्रश्नांची निनावी चिठ्ठी भरून घ्यावी. एकमेकींचं ऐकून मत बदलण्याआधीचं मत त्यात सापडतं.

उद्धृत देताना एकीचं सुटं चमकदार वाक्य उचलण्यापेक्षा वरच्यासारखा संवादाचा तुकडा द्यावा आणि खाली त्यातून काय निघतं ते लिहावं. आपल्या उदाहरणात निष्कर्ष असा येईल: "चारही गटांत भेटीची व्याख्या वादाची ठरली. फोनची नोंद करण्याबाबत कार्यकर्त्यांनी एकमेकींना हटकलं, आणि महिनाअखेरचा आकडा हे तिचं कारण म्हणून पुढे आलं." यात 'बहुतेक' किंवा 'टक्के' कुठेही लागत नाहीत.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं मात्र समजू नये. "चौदा वर्षांची सेवा असलेली, नदीपलीकडच्या वस्तीतली कार्यकर्ती" एवढं लिहिलं तरी पर्यवेक्षिकेला ती कोण हे लगेच कळतं. अनेक जणींना लागू पडेल इतकीच माहिती द्यावी: 'अनुभवी कार्यकर्त्यांचा गट, क्रमांक 2'. आणि बाहेर काही जाणार नाही अशी पूर्ण हमी संमतीपत्रात लिहू नये. तुम्ही तोंड बंद ठेवाल, पण उरलेल्या सात जणींचं वचन तुम्ही देऊ शकत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. ज्या गोष्टीमुळे कोणाची नोकरी जाऊ शकते, तिच्यासाठी एकेकटीची मुलाखतच घ्यावी.

गुणात्मक अभ्यासांच्या अहवालासाठी 2007 साली आलेल्या 'कोरेक' या 32 मुद्द्यांच्या यादीत मुलाखती आणि फोकस ग्रुप दोन्ही धरले आहेत. सूत्रधार कोण होती, सहभागींशी तिचं आधीचं नातं काय, खोलीत आणखी कोणी होतं का, हे त्यात विचारलेलं असतं. ट्रान्सक्रिप्टमध्ये वेणी सापडली असेल तर पद्धतीच्या भागात सरळ 'समूह मुलाखत' लिहावं आणि निष्कर्षही तेवढेच ठेवावेत: अर्ज कुठून कुठे जातो, साठा कधी येतो, वहीत कोणते रकाने आहेत.