डाग उतरतो, खड्डा भरावा लागतो

डिचोलीची माझी भाची रोज स्कूटरने पणजीला कॉलेजला जाते. मुरूम थांबून वर्ष झालं, तरी गालांवरच्या खुणा जात नव्हत्या. आठ महिने ती एकच क्रीम सगळ्या चेहऱ्याला लावत होती. "मावशी, काहीच फरक नाही गं," म्हणाली.

मी खोलीत अंधार केला आणि मोबाइलचा टॉर्च तिच्या गालाला कडेने लावला. गालावरच्या तपकिरी ठिपक्यांची सावली पडली नाही आणि बोट फिरवलं तर ते हाताला लागलेही नाहीत. कानशिलाजवळच्या सहा खुणांची मात्र सावली पडली. ते ठिपके डाग होते आणि या सहा खुणा खड्डे.

डाग म्हणजे मुरमाच्या दाहामुळे त्वचेने जास्त बनवलेलं मेलॅनिन हे रंगद्रव्य. ते वरच्या थरात असेल तर त्वचेच्या पेशी झडताना हळूहळू निघून जातं. त्याला तीन महिने ते वर्षही लागतं. राखाडी-निळसर डाग खोल असतो, तो त्याहून रेंगाळतो. ॲझेलिक ॲसिडचं किंवा रात्री ॲडापलीनचं क्रीम लावल्याने डाग जाण्याचा वेग वाढतो (गरोदरपणात ॲडापलीन टाळतात). पण ऊन लागत राहिलं तर डाग पुन्हा गडद होतो. सावळ्या त्वचेवर नुसता दिसणारा प्रकाशही ते करतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. गोव्याच्या घामात ते टिकत नाही, दुपारी पुन्हा लावावं लागतं. दुकानातून मनाने आणलेलं 'गोरं करणारं' स्टेरॉइडयुक्त क्रीम मात्र मुळीच नको. त्याने कातडी पातळ होते, वर नवे मुरूमही येतात.

खड्ड्यात रंग जास्त झालेला नसतो, खालून त्वचेला आधार देणारं कोलॅजन गेलेलं असतं. ते कुठल्याही क्रीमने परत भरून येत नाही. बोटांनी त्वचा ताणली की उथळ, लाटेसारखा खड्डा सपाट होतो. तो पडतो, कारण खालचे तंतू त्वचेला आत ओढून धरतात. डॉक्टर सुईने ते तंतू सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. सुईने टोचल्यासारखं अरुंद, खोल भोक असेल तर त्यात तीव्र टीसीए ॲसिडचा थेंब टाकतात. उभ्या कडांच्या रुंद खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुया टोचून नवं कोलॅजन बनवायला लावणं, किंवा लेझर. लेझरची तीव्रता जास्त झाली तर आपल्या त्वचेवर नवे डाग उठतात, त्यामुळे सावधपणे ठरवावं.

भाचीचे सहाही खड्डे लाटेसारखे निघाले. चवथीपर्यंत तिचे डाग फिकट झाले आणि शिगम्याला जवळजवळ दिसेनासे. खड्ड्यांसाठी एक सबसिजन आणि महिन्याच्या अंतराने चार मायक्रोनीडलिंग झाली. नवं कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी शेवटच्या खेपेनंतर सहा महिन्यांनी फोटो काढायला सांगितलं. परवा तो काढला. टॉर्चच्या प्रकाशात सावली अजून पडते, पण निम्म्याहून कमी. खड्डा पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.