उघडलेल्या बाटलीतली हवा आणि आतली दारू

नाशिककडची रेड वाईन एका संध्याकाळी उघडली, निम्मी संपली आणि बूच घट्ट बसवून बाटली ओट्यावर ठेवून दिली, असे समजू. बाटली ७५० मिलीलीटरची असेल तर आता तिच्यात साधारण ३७५ मिलीलीटर हवा कोंडलेली आहे आणि त्या हवेत सुमारे १०० मिलीग्रॅम ऑक्सिजन आहे. एक लीटर वाईनमध्ये एका वेळी जेमतेम ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे उरलेल्या अर्ध्या बाटलीत तो एका वेळी तीन मिलीग्रॅमच मावतो. पण विरघळलेला ऑक्सिजन वाईनमध्ये खर्च होत जातो आणि त्याची जागा वरच्या हवेतला नवा ऑक्सिजन घेतो, त्यामुळे बूच कितीही घट्ट लावले तरी आतला साठा वाईनचे रूप बदलायला पुरेसा असतो.

हा ऑक्सिजन दोन वाटांनी काम करतो. पहिली वाट निव्वळ रासायनिक आहे : वाईनमधली रंगद्रव्ये आणि टॅनिन यांच्याशी त्याचा संयोग होतो, त्या ओघात थोड्या अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड बनते, फळांचा वास मावळतो आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. दुसरी वाट जिवाणूंची आहे. ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू हवेच्या साहाय्याने अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातले आम्ल, बनवतात. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात वाईन आणि सिरका यांवर केलेल्या कामातून हे जिवाणूंचे काम असल्याचे स्पष्ट झाले. बाटली बरेच दिवस उघडी राहिली तर वाईनच्या पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पडदा धरतो, आणि नाक जवळ नेल्यावर नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा झणका येतो. तो वास इथाइल ॲसिटेटचा असतो, आणि जिवाणूंनी घर केल्याची ती खात्रीची खूण आहे.

म्हणून उरलेली वाईन फ्रीजमध्ये ठेवावी, रेड वाईनसुद्धा. थंडीत या दोन्ही क्रिया मंदावतात आणि वाईन तीन ते पाच दिवस चांगली राहते. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे ती लगेच ३७५ मिलीलीटरच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवणे, कारण मग वर हवाच उरत नाही. गोव्यात मिळणाऱ्या गोड पोर्टसारख्या वाईनमध्ये वरून अल्कोहोल घातलेले असेल, तर ती काही आठवडे टिकते.

बिअरचे आयुष्य याहून लहान असते. झाकण उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी ती बेचव लागते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर न उघडताही बिघडते, कारण प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून एक उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते.

व्हिस्की, रम आणि फेणी यांची गोष्ट मात्र निराळी आहे. साधारण १५ टक्क्यांपुढे अल्कोहोल असेल तर ॲसिटोबॅक्टरला जगणे अवघड जाते, आणि भारतातल्या व्हिस्कीत ते बहुधा ४२.८ टक्के असते, त्यामुळे ती आंबत नाही की सिरका होत नाही. अर्धी रिकामी बाटली वर्षभरात थोडी फिकी पडते, कारण सुवासिक द्रव्ये आणि अल्कोहोल हळूहळू उडून जातात. पण ती बाधत नाही. सायीपासून बनवलेल्या लिक्युअरना मात्र हा नियम लावू नये. त्यात दुधाचे स्निग्ध असते, म्हणून लेबलवरची मुदत पाळावी आणि गुठळ्या दिसल्या तर ती ओतून द्यावी.

जुनी दारू विषारी होते, ही समजूत बहुतेक मिथेनॉलच्या बातम्यांमुळे पसरली असावी. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मरण पावली, पण त्या दारूत मिथेनॉल होते आणि ते बाटली जुनी झाल्याने तयार झालेले नव्हते. बंद किंवा उघड्या बाटलीत इथेनॉलचे मिथेनॉल होत नाही. बिघडलेली वाईन चुकून घोटभर पोटात गेली तर आंबट तोंडापलीकडे सहसा काही होत नाही. अल्कोहोलचे शरीरावरचे दुष्परिणाम पहिल्या दिवशी जेवढे असतात तेवढेच दहा वर्षांनीही असतात.

खरा धोका दारूत नसून तिच्या भांड्यात असू शकतो. जुन्या, जड, चकाकणाऱ्या क्रिस्टलच्या डिकँटरच्या काचेत शिसे असते, आणि अल्कोहोल व आम्ल मिळून ते हळूहळू बाहेर काढतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा डिकँटरमध्ये चार महिने ठेवलेल्या पोर्टमध्ये शिशाचे प्रमाण लीटरला दोन हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेलेले आढळले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लीटरला दहा मायक्रोग्रॅम आहे. शिशाला चव नाही, वास नाही, त्यामुळे जिभेला ते कळत नाही. एका जेवणापुरती दारू अशा डिकँटरमध्ये ओतायला हरकत नाही. पण उरलेली त्याच रात्री मूळ बाटलीत परत ओतावी.