मागच्या सीटवरची दुपार

अकोल्यात गाडी घ्यायची तर टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात आणि भर दुपारी दोनला घ्यावी, हे माझं म्हणणं शोरूममधल्या मुलाला मुळीच पटलं नाही. "सकाळी दहाला या ना सर, ट्रॅफिक नसतो." ट्रॅफिक तर दोनलाही नसतो, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सकाळची अडचण वेगळी आहे. शेडमध्ये उभी असलेली, आधीच पंधरा मिनिटं एसी चालवून ठेवलेली गाडी कुठलीही असो, दार उघडल्याबरोबर गारच लागते.

मी दोन अटी घातल्या. गाडी काचा बंद करून पाऊण तास उन्हात उभी राहील, आणि मागच्या सीटवर माझी आई बसेल.

पाऊण तास कशाला, हे थोड्या हिशोबाने कळतं. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते आणि तिचं वजन जेमतेम तीन किलो. ती ६५ अंशांवरून २५ वर आणायची तर सव्वाशे किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सेकंदाला चार किलोज्यूल उष्णता ओढणाऱ्या एसीला ते काम अर्ध्या मिनिटाचं. पण उन्हात हवेबरोबर डॅशबोर्ड, सीटा, छताचं अस्तर, दारांचं प्लास्टिक हेही तापतं. हा ऐवज ८० किलोंचा धरला आणि तो ३० अंशांनी खाली आणायचा म्हटलं, तर आकडा तीन हजार किलोज्यूलच्या पुढे जातो. तोच एसी आता बारा-तेरा मिनिटं घेणार, आणि तेवढ्या वेळात काचांतून ऊन आत येतच असतं. सावलीतल्या गाडीत तुम्ही फक्त अर्ध्या मिनिटाचं काम तपासता. तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिलं मिनिटभर चारही काचा खाली करून चालवा असं जे म्हणतात, त्याचंही कारण हेच: ती तीन किलो उकळती हवा फुकटात बाहेर जाते.

मोजायला मी स्वयंपाकघरात वापरतात तसला सुईचा डिजिटल थर्मामीटर नेला होता. कपाळावर रोखतात तशी इन्फ्रारेड गन इथे फसवते. ती हवेचं तापमान वाचत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं वाचते. व्हेंटवर रोखली तर जाळीच्या प्लास्टिकचा आकडा मिळतो. सुई जाळीच्या आत बोटभर सरकवायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

बाहेर ४४ अंश होते, आत ६१. काचा खाली करून मिनिटभर चालवलं, मग काचा बंद, ब्लोअर पूर्ण आणि रिसर्क्युलेशन चालू. ते बटण विसरू नका, नाहीतर एसी दर वेळी बाहेरच्या ४४ अंशांच्या हवेशी झगडतो. पुढच्या व्हेंटमध्ये दुसऱ्या मिनिटाला १९, पाचव्याला १३, दहाव्याला ९ अंश. चांगला एसी. याहून फार खाली आकडा जाणारही नाही, कारण डॅशबोर्डच्या मागची, हवा थंड करणारी जाळी शून्याच्या खाली गेली तर तिच्यावर बर्फ जमून हवाच अडते. म्हणून यंत्रणा स्वतःला मुद्दाम आवरते.

मागे बसलेल्या आईचं मत निराळं होतं. "अरे, गुडघे गार झाले, डोकं तर तापूनच आहे." तिच्या चेहऱ्याजवळ सुई धरली तर ३३ अंश, माझ्या चेहऱ्याजवळ २७.

मागच्या व्हेंटचं सगळं कोडं इथे आहे. बहुतेक लहान गाड्यांत थंड करणारी जाळी एकच असते, डॅशबोर्डच्या मागे. मागच्या सीटसाठी तिथून एक नळी दोन पुढच्या सीटांमधल्या खोक्यातून मागे जाते. वाटेत हवा थोडी तापते आणि तिचा जोरही कमी होतो. दहाव्या मिनिटाला पुढे ९ असताना मागे १४ अंश होते, हे या रचनेत चालण्यासारखं. पण व्हेंट गुडघ्यांच्या पातळीवर, आणि थंड हवा जड असल्याने खालीच रेंगाळते. मी मागच्या व्हेंटच्या पट्ट्या वर वळवल्या, पुढचे मधले दोन व्हेंट बंद केले. पुढे जाणारी हवा अडली की तिचा काही वाटा मागच्या नळीत वळतो. टिश्यू पेपरची पट्टी मागच्या व्हेंटसमोर धरली होती; आधी ती नुसती हलत होती, आता आडवी झाली. पाच मिनिटांत आईच्या चेहऱ्याजवळ २९.

दुसऱ्या शोरूममधल्या गाडीला मागे व्हेंट होते, शिवाय वेगळा पंख्याचा खटकाही होता, आणि विक्रेता त्या खटक्यावर भलताच खूश. दुसऱ्या मिनिटाला पुढे २०, मागे मात्र ४६. दहाव्या मिनिटाला मागे २९, आणि आईच्या आजूबाजूची हवाही २९. म्हणजे तो नुसता पंखा होता: गाडीतलीच हवा ओढायचा आणि परत फेकायचा. घाम वाळायला मदत होते, हे खरं. पण खटका आहे म्हणून मागे वेगळी थंड करणारी जाळी आहे, असं समजू नका. ती खरोखर असेल तर गाडीतली हवा अजून तापलेली असतानाच मागच्या व्हेंटमधून गार हवा यायला लागते. तीन ओळींच्या मोठ्या गाड्यांत ती सापडते. फरक ओळखायचा तो पहिल्या तीन मिनिटांत. गाडी थंड झाल्यावर तिन्ही रचना सारख्याच भासतात.

आता सिग्नलची परीक्षा. पेट्रोल-डिझेल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी राहिली की त्याचा वेग उतरतो आणि पुढून येणारा वाराही थांबतो, उष्णता बाहेर टाकायचं सगळं ओझं रेडिएटरच्या पंख्यावर पडतं. गाडी उन्हात पाच मिनिटं आयडलवर ठेवा. व्हेंटचा आकडा दोन-चार अंश चढला तर ठीक. चढतच राहिला तर वऱ्हाडातल्या रेल्वे फाटकावर तुमची पंचाईत आहे. ही परीक्षा घेताना ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा, नाहीतर इंजिन आपोआप थांबेल, कॉम्प्रेसरही थांबेल आणि तुम्ही एसीला उगाच दोष द्याल. इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर विजेवर फिरतो, तिला चाकांच्या वेगाशी देणंघेणं नाही.

माझे आकडे मुंबईच्या चुलतभावाला पाठवले तर तो म्हणाला, आमच्याकडे ३४ अंशच असतात, आम्हाला कसली चिंता! चिंता त्याला जास्त आहे. दमट हवेतली वाफ पाणी होताना आपली उष्णता थंड करणाऱ्या जाळीवर सोडते. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची किलोभर हवा १० अंशांवर आणायला आमच्या ४४ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा जवळपास पावणेदोन पट उष्णता काढावी लागते. गाडीखाली टपटपणारं पाणी तेच. रिसर्क्युलेशनवर काही मिनिटांत आतली हवा कोरडी होते आणि हा फरक मिटत जातो. पण त्याने बाहेरच्या हवेचं बटण चालू ठेवून परीक्षा घेतली, तर मजबूत एसीही नापास होईल.

आम्ही पहिलीच गाडी घेतली, पण काचेच्या छताचं मॉडेल सोडून. तशा छताच्या गाडीतही आई दहा मिनिटं बसली होती. पडदा ओढलेला होता, तरी तिने वर हात लावला आणि लगेच मागे घेतला.