कुकी, सेशन आणि टोकन

वापरकर्त्याने एकदा लॉग इन केल्यावर पुढच्या प्रत्येक पानावर पासवर्ड न मागता त्याला ओळखण्यासाठी संकेतस्थळे वापरतात ती साधने. त्यांची गरज एचटीटीपी या संदेशवहन-नियमावलीच्या घडणीतून निर्माण झाली. या नियमावलीत प्रत्येक विनंती स्वतंत्र मानली जाते; आधीची विनंती कोणाची होती, हे सर्व्हरला नियमावलीतून कळत नाही.

कुकी म्हणजे सर्व्हर ब्राउझरकडे ठेवायला देतो तो छोटा मजकूर. तिची कल्पना १९९४ च्या मध्यास ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी मांडली, असे सर्वसाधारणपणे मानतात; पहिला आराखडा त्यांनी जॉन जियानान्ड्रिया यांच्यासह लिहिला. मूळ हेतूविषयी मात्र दोन प्रकारची माहिती मिळते. नेटस्केपची ग्राहक असलेल्या एमसीआय या कंपनीला अर्धवट राहिलेली खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवायची नव्हती आणि त्यासाठी ही सोय झाली, अशी एक हकीकत आहे. दुसरीकडे, प्रत्यक्षातला पहिला वापर नेटस्केपच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, पाहुणा पूर्वी येऊन गेला आहे का हे पाहण्यासाठी झाला, असे सांगतात. दोन्ही गोष्टींत विरोध नाही : पहिली कारण सांगते, दुसरी पहिला प्रयोग. लॉग इनचा विचारही फार मागाहून आलेला दिसत नाही, कारण सशुल्क सेवांच्या सभासदाला पुन्हा नाव टाकावे लागू नये, हा उपयोग नेटस्केपच्या सुरुवातीच्या टिपणातच नमूद आहे. औपचारिक मानके पुढे १९९७ व २००० मध्ये आली, पण ब्राउझरांनी ती पूर्णपणे पाळली नाहीत. २०११ चे आरएफसी ६२६५ हे मानक ब्राउझर प्रत्यक्षात काय करतात ते नोंदवणारे असल्याने अधिक विश्वसनीय ठरते.

सेशन पद्धतीत पासवर्ड बरोबर ठरल्यावर सर्व्हर एक लांब यादृच्छिक क्रमांक तयार करतो आणि ‘हा क्रमांक अमुक सभासदाचा’ अशी ओळ आपल्याकडे लिहून ठेवतो. उत्तरासोबत तो क्रमांक ब्राउझरकडे जातो :

```
Set-Cookie: sid=9f3ac1e70b52d84c6e17a0f35bd29c48; Path=/; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

यानंतर त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर आपण होऊन हा क्रमांक जोडतो :

```
Cookie: sid=9f3ac1e70b52d84c6e17a0f35bd29c48
```

सर्व्हर ओळ शोधतो आणि सभासद ओळखतो. म्हणजे कुकीत नाव नसते, पासवर्डही नसतो. असते ती सर्व्हरच्या वहीतील नोंदीची खूण. वरील क्रमांकात ३२ षोडशमान अंक, म्हणजे १२८ बिट आहेत. तो अंदाजाने शोधणे व्यवहारात अशक्य. लॉग इन होताच नवा क्रमांक देणे आवश्यक असते, नाहीतर हल्लेखोराने आधीच गळ्यात मारलेला क्रमांक सभासदाच्या नावे चालू होतो. वरील कुकीला मुदत दिलेली नाही, तेव्हा ब्राउझर बंद करताच ती जावी. पण मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असल्यास ती बहुधा टिकते. बँकांची संकेतस्थळे म्हणूनच ब्राउझरवर विसंबत नाहीत. काही मिनिटे हालचाल नसली की आपल्याकडची ओळच रद्द करतात. अशा वेळी कुकी असूनही लॉग इनचे पान येते.

टोकन पद्धतीत वही ठेवण्याऐवजी माहितीच सर्व्हरच्या सहीनिशी ब्राउझरकडे दिली जाते. प्रचलित जेडब्ल्यूटी (आरएफसी ७५१९, २०१५) हे टिंबांनी विभागलेले तीन भाग असते : शीर्ष, मजकूर आणि सही. मजकूर सामान्यतः गुप्त नसतो, तो कोणालाही उलगडून वाचता येतो. फक्त बदलला तर सही जुळत नाही. त्यामुळे सही पडताळण्याची किल्ली असलेला कोणताही सर्व्हर नोंदवही न उघडता टोकन तपासू शकतो. अडचण रद्द करण्यात येते. सभासदाने लॉग आउट केले तरी चोरलेले टोकन मुदत संपेपर्यंत वैधच राहते. म्हणून ते बहुधा थोड्या मिनिटांचे देतात आणि नवे मिळवण्यासाठी वेगळे, दीर्घ मुदतीचे टोकन ठेवतात, ज्याची नोंद सर्व्हरवर करावी लागते. टोकनमुळे सर्व्हरला काहीच लक्षात ठेवावे लागत नाही, हे नेहमीचे मत त्यामुळे अर्धेच ग्राह्य आहे. टोकन कुकीतूनही पाठवता येते, तेव्हा ‘कुकी की टोकन’ ही विभागणीही फारशी काटेकोर नाही.

खूण ज्याच्या हाती, त्याला सर्व्हर सभासदच समजतो. अनेक संकेतस्थळे पूर्वी लॉग इनचे पान तेवढे एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, ठेवत आणि पुढची पाने उघडी. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी प्रसिद्ध केलेल्या फायरशीप या फायरफॉक्सच्या जोडसाधनाने, उघड्या वायफायवरील शेजाऱ्याची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणे क्लिकवर आणून दाखवले. `Secure` हा शब्द कुकीला एचटीटीपीएसपुरते बांधतो. `HttpOnly` पानावरील जावास्क्रिप्टला ती वाचू देत नाही. `SameSite` दुसऱ्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या विनंत्यांना ती जोडण्यावर मर्यादा घालतो. संगणकात शिरलेल्या चोर-प्रोग्रॅमने ब्राउझरचा साठाच उचलला तर यांतले काहीच अडवत नाही, आणि ओटीपीही पुन्हा विचारला जात नाही, कारण तो टप्पा लॉग इनच्या वेळीच पार पडलेला असतो. तशा वेळी पासवर्ड बदलणे पुरेसे असेलच असे नाही. ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ निवडल्यावर सर्व्हर त्या सभासदाच्या साऱ्या ओळी पुसतो आणि चोरलेला क्रमांक निरुपयोगी होतो.